आमच्या वाट्याच्या दोन ओळी

लेकीनं कॉलेजात भाषण केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. ती आता दुसऱ्या जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. त्या भाषणाचं मी कुणाला कधी बोलले नाही. बोलण्याची सवयच नाही मला. चौथीनंतर शाळा सुटली, तरी लिहिणं सुटलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आमचं गाव कळमनुरीकडचं. लेक, तीन लेकरांतली थोरली, बारावी झाल्यावर हिंगोलीला नर्सिंग कॉलेजला गेली. तीन वर्षं होस्टेलला राहिली. आधी वर्गात शिकायचं, मग सरकारी दवाखान्यात ड्यूटी. सुट्टीला घरी आली की मला वाटायचं, पोरगी माझ्याजवळ बसंल, गावातल्या बाया काय म्हणतात ते ऐकंल. पण तिच्या तोंडी एकच नाव असायचं, ‘माझी आजी’.

ही आजी म्हणजे आमच्या नात्यातली कुणी नाही. नरसीकडची एक म्हातारी, मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडलेली. पाय वजनाला टांगलेला. कुशीवर होता येईना, म्हणून पडून पडून माकडहाडाशी जखम झालेली. लेकीची ड्यूटी त्याच वॉर्डात लागली. पोरींनी मिळून तिची कंबर उचलायची, खालची चादर ताणून सुरकुती काढायची, जखम धुवायची, भोवतीची कातडी कोरडी ठेवायची. असं रोज, दिवसातून किती तरी वेळा.

“आई, जखमेवर चोळायचं नसतंय,” ती मला सांगायची. “लोकं तेच करतेत. भोवतीनं हात फिरवायचा, हलका.”

“मग माजी पण पाठ दुखून राहिली, फिरव की हात,” मी एकदा म्हणाले. हळद शिजवायचे दिवस होते, कढईपाशी वाकून वाकून कंबर गेली होती.

“तुला काय झालंय? तू चालून राहिलीस की,” ती हसून म्हणाली आणि पुन्हा आजीचं सुरू. आजी कुणाच्याच हातानं जेवत नव्हती, फक्त हिच्या. आजीला हिनं पहिल्यांदा वॉकर धरून उभं केलं. पायरी चढताना आधी चांगला पाय टाकायचा, हेही हिनंच शिकवलं. आजी हिला माय म्हणते.

माय मी म्हणते तिला. ती जन्मली त्या दिवसापासून म्हणते. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडात गेलेलं मला सहन होईना. म्हातारी बरी होऊन घरी गेल्याचं कळलं तेव्हा मला बरं वाटलं. ती बरी झाली याचं थोडं, आणि दवाखान्यातून गेली याचं जास्त.

शेवटच्या वर्षी परीक्षा झाली आणि कॉलेजात पदवीदानाचा कार्यक्रम ठरला. मुलींतर्फे स्वागताचं भाषण करायला लेकीला निवडलं. ती दोन दिवस घरी आली ती कागद घेऊनच. आपल्याकडं कार्यक्रमात आभार शेवटी असतात. पण तिच्या बाईंनी, म्हणजे ज्या त्यांना शिकवायच्या त्या ट्यूटर सिस्टरनी, सांगितलं होतं की शेवटी लोक उठून जेवणाकडं जातात, आभार खुर्च्यांना मानावे लागतात. म्हणून या वेळी आभार स्वागतातच घालायचे. आधी स्टेजवरचे पाहुणे, मानाप्रमाणे. मग प्राचार्य आणि शिकवणारे. मग वॉर्डातल्या सिस्टर, कारण त्यांना दरवेळी विसरतात. मग पेशंट. आणि सगळ्यात शेवटी घरचे लोक. घरच्यांचं नाव निघालं की सगळ्या पालकांनी जागेवर उभं राहायचं आणि मुलींनी टाळ्या वाजवायच्या, अशी त्या कॉलेजची पद्धत होती.

बाईंनी लेकीचे चार कागद खोडून दीड केले होते. ‘मी’ कुठं लिहायचं नाही, सगळीकडं ‘आम्ही’. पेशंटचं नाव नाही, गाव नाही, आजार नाही. दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यातच राहिली पाहिजे, हे त्यांना पहिल्या वर्षीच शिकवलेलं.

लेक ओसरीत उभी राहून भाषण म्हणायची. मी समोर शेंगा फोडत बसायची. ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं.

पेशंटवर तिनं लिहिलं होतं: “आमचे हात थरथरत होते तेव्हा ज्यांनी आपला हात पुढं केला, ते आमचे खरे गुरू. एका आईनं आम्हांला शिकवलं, की दुखणाऱ्या माणसाला आधी हाक मारावी आणि मग हात लावावा.” असं पुढं बरंच होतं. नाव नव्हतं, पण ती एक आई कोण हे मला कळत होतं.

आणि घरच्यांवर? “आमच्या आईवडिलांनी आम्हांला इथं पाठवलं. त्यांच्याशिवाय आम्ही इथं उभ्या राहिलो नसतो.” संपलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलंच. “आमाला दोनच ओळी?”

तिला आधी कळेना. मग म्हणाली, “तुमचे काय आभार मानायचे, आई? तुमी घरचे. घरच्यांला कुणी आभार म्हणतंय का?”

“मग परक्या बाईला आई काहून म्हणावं?”

तिचे वडील बाहेर बाजेवर होते. ते म्हणाले, “लिही गं, तुज्या आईवर पानभर लिही. न्हाईतर आज भाकरी करपतेत.”

लेक हसली. मीही तोंड फिरवून हसल्यासारखं केलं. कागदात तिनं काही बदललं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. मी लग्नातली साडी नेसले होते. हॉलमध्ये पुढच्या रांगा पाहुण्यांच्या, पालक मागं. आम्ही मधल्या रांगेत कडेच्या खुर्च्यांवर बसलो. आणि पाहिलं तर पहिल्या रांगेत, नव्या नऊवारीत, वॉकर पुढं धरून एक म्हातारी बसलेली. बरोबर तिची सून. मी कधी पाहिली नव्हती, तरी मला सांगायला कुणी लागलं नाही. पोरी एकेक करून तिच्या पाया पडत होत्या, ती सगळ्यांच्या गालावरून हात फिरवत होती. पेशंटांच्या वतीनं एकाला बोलवावं असं कॉलेजनं ठरवलं होतं आणि माझ्या लेकीनं हिचं नाव दिलं होतं. मला तिनं ते सांगितलं नव्हतं.

“तीच का?” हे म्हणाले.

“मला काय माहीत,” मी म्हणाले.

दिवा लावला, पोरींनी हातात दिवे घेऊन शपथ म्हटली, आणि लेक माईकपाशी आली. पांढऱ्या गणवेशात ती मला उंच दिसली. पाहुण्यांचं स्वागत नीट झालं. शिकवणाऱ्यांचं झालं. वॉर्डातल्या सिस्टरांचं नाव निघालं तेव्हा कोपऱ्यातल्या तिघी-चौघी एकमेकींकडं बघून लाजल्या. मग पेशंट आले. “एका आईनं आम्हांला शिकवलं,” लेक म्हणाली आणि तिची नजर पहिल्या रांगेकडं गेली.

म्हातारी बसल्या जागेवरून मोठ्यानं बोलली. “व्हय, म्याच ती. सांग की समद्यांला. मागं एवढी जखम व्हती मला, मूठ जाईल येवढी. ह्या लेकरानं बरी केली.”

सून तिचा पदर ओढत होती. “आत्या, गप बसा, भाषण चालूय.”

“मग म्या कुठं बंद केलं? बोल, माय, तू बोल.”

सगळा हॉल हसला. प्राचार्यसुद्धा हसले. जी गोष्ट झाकायला बाईंनी कागदावर काट मारली होती, ती म्हातारीनं स्वतःच सांगून टाकली. लेकही हसली, तोंडावर हात धरला, खाली कागदाकडं पाहिलं, वर पाहिलं. पेशंटांचं उरलेलं वाक्य पुरं केलं. आणि मग म्हणाली, “आपण सगळे आलात, पुन्हा एकदा आपलं स्वागत करतो—”

हे शेवटचं वाक्य होतं. मधलं, घरच्यांचं, गेलं होतं.

बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं. आमचे हेसुद्धा टाळ्या वाजवायला हात वर करून बसले होते. पण मला त्या दोन ओळी पाठ होत्या. कशी उभी राहिले मला सांगता येत नाही. आयुष्यात मी ग्रामसभेत कधी उभी राहिले नाही. फक्त उभी होते, चारपाचशे माणसांत एकटी.

“बसा की, बाई, दिसंना झालंय,” मागून एक माणूस म्हणाला.

“अगं, काय झालं?” ह्यांनी साडी ओढली.

लेकीनं मला पाहिलं. आधी तिला काही समजलं नाही, घाबरलीच ती, मला वाटतं. मग तिचा हात कागदावर गेला. ती थांबली आणि म्हणाली, “माफ करा. घरचे राहिले.” हे कागदात नव्हतं. मग दोन ओळी वाचल्या, जशा लिहिल्या होत्या तशाच. एक शब्द जास्त नाही.

सगळे पालक उभे राहिले. खुर्च्या वाजल्या, मागचा तो माणूसही उभा राहिला. टाळ्या सुरू झाल्या. मी आता कुणाला वेगळी दिसत नव्हते. आणि त्याच वेळी पहिल्या रांगेत म्हातारी वॉकर धरून उठली. सून नको नको म्हणत होती. ती पालकांबरोबर उभी राहिली, छाती काढून, टाळ्या घेत.

कार्यक्रम संपल्यावर लेक स्टेजवरून उतरली ती सरळ म्हातारीकडं गेली. उभं राहून तिचा पाय भरून आला होता. मी जवळ गेले तर लेक म्हणाली, “आई, त्या बाजूनं धर. दंडाला न्हाई, काखेत हात घाल. तिला भार टाकू दे.” सिस्टर बोलते तसं बोलली. मी धरलं. म्हातारी दिसायला काडी होती, पण भार पुष्कळ होता.

वॉकर सुनेच्या हातात, दोघींच्या मधे म्हातारी, अशा आम्ही जेवणाकडं निघालो.

“ही तुजी माय व्हय?” म्हातारीनं लेकीला विचारलं. लेक व्हय म्हणाली. मग ती माझ्याकडं वळली. “बाई, तुमी मगा उभ्या ऱ्हायल्या ते बराबर केलं. न्हाईतर पोरगी आपल्याला इसरली व्हती.”

आपल्याला, म्हणाली.

 आणखी चार पावलं गेल्यावर ती म्हणाली, “हे लेकरू मला देऊन टाका. तुमाला अजून हायेत की.”

चेष्टाच होती. सून हसली, लेक हसली. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, घ्या की, तुमचीच हाय. तसंच म्हणायचं असतं.

“देत न्हाई,” मी म्हणाले.

म्हातारीनं माझ्याकडं नीट पाहिलं. लेकीनंही पाहिलं, म्हातारीच्या डोक्यावरून. मी हसले नाही. काखेतला हात तसाच घट्ट ठेवला आणि पायरी चढायची आली तेव्हा म्हातारीला सांगितलं, “आधी चांगला पाय टाका.”