ल्यूर्सबाईंची परवानगी

ओनो आडिक्स हा माणूस मला पहिल्या दिवशी बावळट वाटला होता, हे आधीच कबूल करतो. नंतर उगाच कुणी म्हणायला नको की हाइको आता म्हातारा झाला म्हणून गोडगोड बोलतोय.

ब्रेमेनच्या नॉयष्टाट भागात त्याचं चार मजली घर आहे, अरुंद, उंच, शंभर वर्षांपूर्वीचं. मावशीकडून आलेलं. ओनोने स्वतः आयुष्यभर ट्राम चालवली, चौतीस वर्षं, आणि निवृत्त झाल्यावर अचानक घरमालक झाला. तळमजल्यावर स्वतः राहायचा. पहिल्या मजल्यावर गेशे ल्यूर्सबाई, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. दुसऱ्यावर एक तान्हं बाळ असलेलं जोडपं. सगळ्यात वर चेलो वाजवणारा एक जण, तो कधी दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा.

पाण्याच्या तपासणीत शिसं निघालं. घरातले जुने पाइप शिशाचेच होते. बाळ असलेल्या घरात हे चालणार नाही, म्हणून आडिक्सने आम्हा पाइपवाल्यांना बोलावलं. अशा घरात चारही बाथरूम एकावर एक असतात आणि पाण्याची उभी लाइन सगळ्यांच्या भिंतीतून जाते. ती बदलायची म्हणजे चारही भिंती एकदम फोडाव्या लागतात. एकाने दार उघडलं नाही तर बाकी तिघं कोरडे. मधला एखादा मजला सोडून नवा पाइप वर कसा नेणार?

आडिक्सने कायद्यात सांगितलंय त्याहून आधीच पत्रं वाटली. काम कधी, किती दिवस, पाणी सकाळी आठ ते चार बंद, रोज संध्याकाळी जिन्यात तात्पुरता नळ, आणि त्याच्या पुढच्या खोलीशेजारी वेगळ्या लाइनवर छोटा संडास आहे तो सगळ्यांना खुला. ल्यूर्सबाईंनी पत्रावर सुंदर अक्षरात सही करून ते परत दिलं होतं. जिन्यातही कागद लावला होता. सोमवारी साडेसातला मी हत्यारं घेऊन पहिल्या मजल्यावर बेल वाजवली.

दार साखळीएवढंच उघडलं. मला कुणी काही सांगितलेलं नाही, म्हणाल्या.

आता आम्ही पडलो पाइपवाले. माझी दोन माणसं खाली उभी, गाडीत पाइप, बाकीच्या तीन भिंतींवर खुणा करून झालेल्या. माझं डोकं फिरलं. मी खिशातून त्यांच्या पत्राची प्रत काढली आणि दाराच्या फटीतून त्यांच्या नाकासमोर धरली. "ही सही कोणाची? तुमचीच ना?"

त्यांनी सही पाहिली. ओळखली. आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला आजही आठवलं की लाज वाटते. स्वतःचं अक्षर समोर आहे आणि ते लिहिल्याचं मनात कुठेच नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं, मला मात्र कळलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं.

आडिक्स वर आला. मला जिन्याच्या वळणावर घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "ती सही त्यांना पुन्हा दाखवायची नाही. कधीच नाही." मग त्याने सांगितलं. ल्यूर्सबाईंना वर्षभरापासून ताज्या गोष्टी लक्षात राहत नाहीत. जुन्या मात्र घट्ट आहेत. आणि जुन्यातली एक अशी, की चाळीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका घरात, मालकाने पाइप बदलतो म्हणून त्यांना सहा आठवडे बाहेर काढलं आणि नंतर कुलूपच बदललं. घर गेलं. तेव्हापासून पाइप हा शब्द ऐकला की त्या दाराला साखळी लावून घेतात.

मी म्हटलं, मग त्यांच्या मुलीला बोलवा, कुणीतरी चार दिवस घेऊन जा त्यांना. आडिक्सने मान हलवली. मुलगी इंके श्टुटगार्टला असते. तिने स्पष्ट सांगितलं होतं की आईचा आणखी एक गोंधळ कानावर आला तर तिला तिकडच्या वृद्धाश्रमात नेणार, जागा धरून ठेवली आहे. म्हणजे बाईंनी दार उघडलं नाही तर वरचं बाळ शिशाचं पाणी पिणार, आणि मुलीला कळवलं तर बाईंचं घर जाणार. कोर्टाकडून हुकूम आणायला महिने लागले असते, आणि तो आणला तरी दार फोडूनच जायचं. आडिक्सने तोंड धुतल्यासारखा चेहऱ्यावरून हात फिरवला, स्वेटर नीट केला आणि बेल वाजवली.

मी जिन्यात बसून ऐकत होतो. त्याने आधी नाव सांगितलं, मी तुमचा घरमालक. मग भिंतीत काय आहे, ते का वाईट, काम कसं होईल. घाई नाही, आवाज चढवणं नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. संडासला कुठे जायचं? माझ्या वस्तूंना कोण हात लावणार? आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, मला परत आत येऊ द्याल ना? तुम्ही बाहेर जाणारच नाही आहात, तो म्हणाला, मधे प्लास्टिकचा पडदा लावू, धूळ पलीकडे, तुम्ही अलीकडे. "तर ल्यूर्सबाई, तुमची हरकत नसेल तर सुरू करू का?"

अकरा मिनिटं लागली. साखळी निघाली.

मंगळवारी सकाळी साखळी पुन्हा लावलेली. रात्रीतून सगळं पुसून गेलं होतं. पडद्याच्या मागे भिंतीला भोक बघून त्या घाबरून उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, हे तर पालथ्या घड्यावर पाणी. पण आडिक्स आला, बेल वाजवली, मी तुमचा घरमालक, आणि पुन्हा पहिल्यापासून. काल सांगितलं होतं, असा एक शब्दसुद्धा नाही. तेच तीन प्रश्न. तीच अकरा मिनिटं. बुधवारी तेच. आम्ही आमची वेळ सव्वाआठ करून टाकली, माझ्या माणसांनी तेवढ्यात पाव खायला सुरुवात केली.

गुरुवारी मला राहवलं नाही. खाली त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना विचारलं, तुम्हाला कंटाळा येत नाही का हो? मी असतो तर भिंतीवर डोकं आपटलं असतं.

"चौतीस वर्षं मी त्याच थांब्यांची नावं घेतली," आडिक्स म्हणाला. "मला पाठ होती म्हणून काय झालं? ज्याला उतरायचं असतं त्याला ती पहिल्यांदाच ऐकायची असतात."

मी कॉफी संपवली आणि कामाला लागलो.

दुसऱ्या आठवड्यात पाइप वरपर्यंत गेले. दाब देऊन तपासणी केली, एका सांध्यात गळती निघाली, ती माझीच चूक, दुरुस्त केली. बुधवारी दुपारी मी ल्यूर्सबाईंच्या बाथरूममध्ये भिंत बंद करत होतो. आडिक्स टाइल्स वर आणून देत होता. तेवढ्यात जिन्यात सुटकेसची चाकं वाजली. इंके आली होती. आईने फोनवर म्हटलं होतं की भिंतीत माणसं आहेत. एवढं ऐकून कुठली मुलगी थांबेल? बिचारी पहाटेच्या गाडीत बसली होती.

तिने पडदा पाहिला, धूळ पाहिली, मला पाहिलं. आईला विचारलं, "आई, हे काय चाललंय इथे?"

दुपारचे दोन वाजले होते, सकाळचं सगळं केव्हाच निसटलं होतं. ल्यूर्सबाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि हाताने एप्रनची कड चुरगळत होत्या. इंकेचे डोळे भरले. ती आडिक्सकडे वळली आणि रागाने नाही, थकून म्हणाली की स्वतःच्या बाथरूममध्ये काय चाललंय हे जिला माहीत नाही तिला मी एकटी कशी ठेवू, तुम्हीच सांगा. मी थापी हातात धरून तसाच उभा. मला वाटलं, झालं, संपलं बाईंचं घर.

आडिक्सने टाइल्स खाली ठेवल्या. तो इंकेला सोडून तिच्या आईसमोर गेला, हात पुसले. मी तुमचा घरमालक, म्हणाला. आणि सुरू केलं, भिंतीत काय होतं, ते का वाईट, काम कुठवर आलंय. इंके दारात उभी राहून ऐकत होती. बाईंनी तेच तीन प्रश्न विचारले, त्याने तीन उत्तरं दिली. मग म्हणाला, उद्या टाइल्स लावून झालं की संपलं. "तुमची हरकत नसेल तर लावू का?"

ल्यूर्सबाईंची पाठ ताठ झाली. लावा, म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. "हे गृहस्थ कोण ते मला आठवत नाही. पण हे मला विचारतात, इंके. बाकी सगळे येऊन नुसतं सांगतात."

इंके सुटकेसवर बसली आणि रडायला लागली. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, का रडतेय हे न विचारता. मी प्लास्टिकच्या मागे गेलो. माझ्याही डोळ्यांत धूळ गेली होती, असं म्हणा हवं तर.

इंके तीन दिवस राहिली. आडिक्सबरोबर बसून तिने ठरवलं की रोज सकाळी एक नर्स येईल, शेगडीला आपोआप बंद होणारं बटण बसेल, ते मीच बसवलं. वृद्धाश्रमाची जागा तिने सोडली नाही, पुढे ढकलली. वसंतापर्यंत बघू, म्हणाली. खोटा दिलासा कुणीच कुणाला दिला नाही.

नंतरच्या सोमवारी मी टाइल्सच्या कडांना सिलिकॉन भरायला गेलो. आठ वाजायला आले होते. जिन्यातून वर बघतो तर ल्यूर्सबाईंचं दार सताड उघडं, साखळी नाही काही नाही. त्या केस विंचरून, ब्रोच लावून उंबऱ्यात उभ्या होत्या. मी विचारलं, कुणाची वाट बघताय?

माहीत नाही, म्हणाल्या. पण या वेळेला कुणीतरी यायचं असतं.

मी खाली जाऊन आडिक्सला सांगितलं. काम तर संपलं होतं, आता विचारायचं काय? तो स्टुलावर बसून बूट घालत होता, तसाच एक बूट हातात घेऊन थांबला. मग उठला, स्वेटर नीट केला आणि वर गेला.

मी तुमचा घरमालक, म्हणाला. जिन्याला रंग द्यावा म्हणतोय. फिकट हिरवा की पिवळसर, ते ठरत नाहीये. तुमचं मत घेतल्याशिवाय सुरू करायचं नाही, असं ठरवलंय.

ल्यूर्सबाईंनी नीट विचार केला. किती दिवस लागतील विचारलं, वास येईल का विचारलं, कठड्याला हात लावता येईल का विचारलं. मग पिवळसर म्हणाल्या.

तो ऑक्टोबर होता. आता मार्च आहे. मागच्या आठवड्यात चेलोवाल्याचा नळ दुरुस्त करायला गेलो होतो. जिन्याच्या भिंतींचे पापुद्रे सुटलेत, वरचं जोडपं कुरकुर करतं की रंग कधी लागणार. मी ओनोला म्हटलं, माझ्या ओळखीचा रंगारी आहे, दोन दिवसांत करून देईल.

"वेडा आहेस का?" तो म्हणाला. "मग उद्या सकाळी मी त्यांना काय विचारू?"