पान उलटणारे काका

नाव: काका. नाते: पियानो वाजवणाऱ्या सूनबाईंचे चुलतसासरे. हुद्दा: मुख्य पान-उलटक (मानद). पात्रता: निवृत्त, धट्टेकट्टे, स्वच्छ हात. विशेष कौशल्य: वादकाच्या डाव्या बाजूस बसून स्वरलिपीची पाने अचूक क्षणी उलटणे. सदर कौशल्याबाबत शंका घेतल्यास सदर इसम जेवत नाहीत.

ते जेवत नाहीत म्हणजे सासूबाईंचं डोकं दुखतं, म्हणून सूनबाईंनी शंका घेणं सोडून दिलं होतं. गायनशाळेत साथीदाराची कायमची जागा निघाली आणि चाचणीला पान उलटायला माणूस हवा म्हटल्यावर काका कोट चढवून तयार. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?

गाणं सूनबाईंच्या हाती आदल्या दिवशीच आलं होतं. चाल सोपी, वाट अवघड. दुसऱ्या जोडपानाच्या माथ्यावर जाड रेघ आणि दोन टिंबं, म्हणजे मागे फिरा. त्या ओळींवर दोन कंस होते, एकावर एक आकडा, दुसऱ्यावर दोन. पहिल्या खेपेला पहिला कंस वाजवून मागे यायचं, दुसऱ्या खेपेला तो गाळून थेट दुसऱ्यात शिरायचं. पुढे जोडपानाच्या तळाशी 'डा कापो', म्हणजे पार आरंभापासून. पण या फेरीत टिंबं मानायची नाहीत. सरळ दुसरा कंस, मग तिथे छापलेल्या खुणेपासून उडी मारून 'कोडा', म्हणजे शेवटचं शेपूट. ते शेपूट शेवटच्या पानावर एकटंच छापलेलं.

"काका, डा कापोनंतर मागे नाही जायचं हं. मी मान हलवली की उलटा, एवढंच."

"मान हलवली की? मी काय बैल आहे?"

"तसं नाही हो..."

"इथे काय छापलंय? पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे सगळं पहिल्यापासून. अर्धवट काम आपल्या घराण्यात नाही, सूनबाई."

घराण्यात अर्धवट कामं सोडून दुसरं काही नव्हतं. माळ्यावरची अर्धी फरशी काकांचीच होती. सूनबाई गप्प बसल्या. तिथेच चुकलं, असं त्या पुढे आयुष्यभर म्हणणार होत्या.

चाचणीच्या खोलीत टेबलामागे तिघे परीक्षक. मधले गृहस्थ बाई-बुवांच्या आवाजातला फरक सांगू शकत असावेत, याहून जास्त आशा त्यांच्या चेहऱ्यावरून करवत नव्हती. गाणारी मुलगी शाळेचीच, पाठ करून आलेली. काकांनी रुमालाने बोटं पुसली. शस्त्रक्रियेला उभं राहावं तशी.

पहिली फेरी झकास. पुढे, मागे, पुन्हा पुढे. काका ओठांत चाल गुणगुणत होते आणि पान कसं बिनआवाज वळत होतं. डा कापो आला, त्यांनी पानं ऐटीत आरंभाला नेली. परीक्षकांकडे एक नजरही टाकली. मग पुन्हा दुसरं जोडपान आलं, गाणारी दुसऱ्या कंसातले शब्द घेऊन पुढे निघाली, आणि काकांनी फर्रकन पान मागे उलटलं.

सूनबाईंचा डावा हात पट्ट्यांवरून सुटून पानावर गेला. काकांचा पंजा त्यावर पडला.

"अजून एकदा आहे!" काका कुजबुजले. ती कुजबुज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली.

"सोडा, काका!"

"शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

दुसरा कंस सूनबाईंनी एका हाताने, आठवेल तसा रेटला. कोडा मात्र आठवेना. कालचं गाणं, शेवटचं पान, आणि वर काकांचा पंजा. गाणारी उडी मारून शेपटाला लागली होती. सूनबाई एकच स्वरसमूह पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या, दारावर थाप मारत राहावं तशा. मुलीने शेवट एकटीनेच गाऊन संपवला.

मधल्या परीक्षकांनी घसा साफ केला. "साथीला जरा वाट सापडली नाही. बाकी हे पानं उलटणारे गृहस्थ फार तत्पर."

काका उठून वाकले. सूनबाई बसूनच राहिल्या.

घरी येताना काका जिना चढता चढता समजावत होते. "घाबरलीस. होतं असं. मी धरून ठेवलं म्हणून निदान पान तरी जागेवर राहिलं."

संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना सगळं सविस्तर सांगितलं आणि दोन वेळचं एकदम जेवले. जागा दुसऱ्याच बाईंना मिळाली. त्या स्वतःची पानं स्वतः उलटतात.

काकांना स्वरलिपी वाचता येत नाही.