सत्तावीस ओळी, सव्वीस होड्या

बिल्कीसबाई मुकादम अकरा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात आल्या, तेव्हा अर्जातल्या ‘अनुभव’ या रकान्यात त्यांनी ‘घर, वीस वर्षं’ असं लिहिलं होतं. मुलाखत घेणाऱ्यांना हसू आलं. मी तेव्हा पर्यवेक्षक होतो, आजही आहे. येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. पस्तीस वर्षांत पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण ज्यांच्या कामापुढे मनातल्या मनात हात जोडले, अशी माणसं फार थोडी, आणि त्यांत बिल्कीसबाई पहिल्या.

त्या पनवेलच्या मोहल्ल्यातल्या. नवरा यूनुस मस्कतला गोदामात नोकरीला, घरी दोन मुली. मुली मोठ्या झाल्यावर जुनं टायपिंगचं प्रमाणपत्र घेऊन त्या कामाला लागल्या.

आमचं काम सांगायला सोपं आहे. सरकारी खात्यांच्या जुन्या हस्तलिखित वह्यांची पानं स्कॅन होऊन येतात, ती आम्ही टाइप करून देतो. प्रत्येक पान दोन माणसं टाइप करतात. दोघं वेगळ्या खोल्यांत बसतात, एकमेकांचं काम त्यांना दिसत नाही. मग संगणक दोन्ही प्रती अक्षर-अक्षर ताडून बघतो. जिथे जुळतं ते पुढे जातं, जिथे जुळत नाही तिथे ओळ लाल होते आणि तपासनीसाकडे येते. तपासनीसाला मूळ पान दिसतं आणि दोन प्रती, ‘अ’ आणि ‘ब’. कोणती कोणी टाइप केली हे त्यालाही कळत नाही.

बिल्कीसबाई दोन वर्षांत तपासनीस झाल्या. त्यांनी स्वतःहून दोन सवयी लावून घेतल्या. एक, रोज दोन पानं अशी वाचायची की ज्यांत एकही लाल ओळ नाही. मी विचारलं, जुळलेलं कशाला वाचता? म्हणाल्या, “सर, दोघं एकाच ठिकाणी घसरले तर मशीनला काय कळणार? ते म्हणणार, माशाल्ला, दोघं एकमत.” दुसरी सवय वहीची. प्रत्येक नोंदवहीच्या लेखनिकाचं हस्ताक्षर कसं आहे, तो सात कसा काढतो, खोडतो कसा, हे त्या तारीख घालून टिपून ठेवत. लेखनिक मरून पन्नास-साठ वर्षं झालेली असायची, आणि ह्या त्याच्याबद्दल शेजारच्या टेबलावरच्या माणसासारखं बोलायच्या. “आज भाऊंचं डोकं ठिकाणावर नव्हतं, सर. तीनदा खोडलंय.”

गेल्या वर्षी आमच्याकडे खाडीच्या तोंडावरच्या एका जुन्या बंदर-चौकीच्या नोंदवह्या आल्या. समोरून जाणाऱ्या प्रत्येक होडीची नोंद. डाव्या पानावर होडीचं आणि तिच्या तांडेलाचं, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचं नाव. समोरच्या उजव्या पानावर वेळा. ओळींना क्रमांक नाहीत, कागद बिनरेघांचा. वादळाची खबर आली की चौकीवर बावटा चढे, त्याची वेळ उजव्या पानाच्या माथ्यावर.

एका दुपारी बिल्कीसबाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“सर, एक पान माझ्याकडून काढून घ्या. झुबेरला द्या.”

झुबेर आमचा दुसरा तपासनीस, तिशीतला, सतत थट्टा करणारा, पण कामाला चोख. बिल्कीसबाईंना तो ‘आपा’ म्हणतो, म्हणजे ताई.

“का? अवघड आहे?”

“ओळखीचं माणूस आहे पानावर.”

“साठ वर्षांपूर्वीच्या पानावर?”

त्यांनी मागे बघितलं, झुबेर जागेवर नव्हता. मग हळू आवाजात सांगितलं. मासळी बाजारात त्या ज्या ठमाबाईकडून मासे घेतात, ती उरणकडच्या कोळीवाड्यातली, वय अठ्ठ्याहत्तर. तिचा बाप विठू तांडेल ‘हिरावती’ नावाची होडी घेऊन निघाला तो परत आला नाही. बरोबरचे चार जणही गेले. वाड्यात तेव्हापासून बोललं जातं की बावटा लागलेला दिसत असूनही विठूने हट्टाने होडी लोटली, चार घरं बुडवली. ठमाबाईच्या आईला लग्नाकार्यालाही कोणी बोलावलं नाही.

पान त्याच दिवसाचं होतं. माथ्यावर बावट्याची वेळ, तीन दहा. खाली सात ओळी लाल. त्यांतल्या एकीत ‘हिरावती, विठू’. ‘अ’ प्रतीत तिची वेळ दोन चाळीस. ‘ब’ प्रतीत तीन पंचवीस.

मी म्हटलं, “मग तुम्हीच बघा की. ह्या लेखनिकाला तुमच्याइतकं कोण ओळखतं?”

“म्हणूनच नको. मला दोन चाळीस हवंय, सर. पान उघडल्यापासून हवंय. ज्याला एक उत्तर हवं असतं, त्याच्या डोळ्याला तेच दिसतं. झुबेरला यातलं काही सांगू नका.”

एवढं बोलून त्या खाली चहाच्या टपरीवर गेल्या. इतक्या वर्षांत त्या कामाच्या वेळेत कधी खाली गेल्या नव्हत्या.

मी पान झुबेरच्या यादीत टाकलं आणि काहीतरी काम असल्यासारखा त्याच्या मागे उभा राहिलो.

“आपांचं पान माझ्याकडे? आज सूर्य कुठून उगवला, सर?”

“त्यांना वेळ नाही.”

त्याने पान मोठं केलं. गुंता कसा झाला ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. डावीकडे नवव्या ओळीला ‘फत्तेलक्ष्मी’ आणि दहाव्या ओळीला नुसतं ‘महादेव’. ‘अ’ने ती एकच होडी धरली, फत्तेलक्ष्मी, तांडेल महादेव. ‘ब’ने दोन होड्या धरल्या. उजवीकडे सत्तावीस वेळा होत्या, पण सोळाव्या वेळेवर एक बारीक आडवी रेघ होती. ‘अ’ने ती वेळ खोडलेली समजून सोडली. ‘ब’ला ती कागदाची घडी वाटली, त्याने वेळ घेतली. म्हणजे ‘अ’च्या हिशेबी सव्वीस होड्या, सव्वीस वेळा. ‘ब’च्या हिशेबी सत्तावीस होड्या, सत्तावीस वेळा. दोघांचंही आपापल्या जागी चोख जुळत होतं. नववी ओळ आणि सोळावी वेळ यांच्या मधल्या होड्यांची वेळ तेवढी एका घराने वर-खाली होत होती. हिरावती नेमकी अकराव्या ओळीला.

मी वाणिज्य शाखेचा. दोन्ही बाजू जुळल्या की काम संपलं, असं आयुष्यभर मानलेलं. इथे दोन वेगळी उत्तरं दोन्ही बाजूंनी जुळलेली होती.

“ ‘ब’ बरोबर दिसतंय,” झुबेर म्हणाला. “डावीकडे सत्तावीस ओळी, उजवीकडे सत्तावीस. समोरासमोर बसतात.”

त्याचा हात माउसवर गेला. माझ्या तोंडात शब्द आला होता. एक खोकलो असतो तरी तो थांबला असता. मी बोटं खिशात घातली आणि गप्प राहिलो.

निवाडा करताना कारणाचा रकाना भरावाच लागतो. झुबेरने लिहिलं, ‘संख्या जुळते’. मग स्वतःच हसला. “आपा बघतील तर कान पिळतील. म्हणतील, ‘अ’चीपण जुळते, त्याचं काय करू, लोणचं घालू?” त्याने ते पुसलं आणि त्यांची वही ओढली. चौकीच्या लेखनिकाबद्दल त्यांनी दोन पानं भरली होती. दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेची एक नोंद होती: ‘जागा पुरली नाही तर तांडेलाचं नाव खालच्या ओळीत नेतो. ती ओळ दोन अक्षरं आत सुरू करतो. सतरा पानांवर पाहिलं.’

झुबेरने पडद्यावर फूटपट्टी धरली. ‘महादेव’ बाकीच्या नावांपेक्षा आत होतं, दोन अक्षरं.

“अच्छा,” तो म्हणाला. आता त्याची थट्टा थांबली होती. “पण मग ती रेघ घडी नको असायला.”

त्याने उजव्या पानाची मागची बाजू उघडली. कागदाला घडी असेल तर ती मागेही दिसणार. त्याने मागचं चित्र आरशासारखं उलटवलं आणि दोन्ही शेजारी लावली. कागदाच्या कोपऱ्यात एक खरी घडी होती, ती दोन्हीकडे दिसत होती. सोळाव्या वेळेच्या जागी मागे घडी नव्हती. शाई पाझरल्याची एक फिकट रेघ मात्र होती, आकड्यांची शाई पाझरली होती तशीच.

“खोडलंय, सर. टाकाने खोडलंय. सव्वीस.” त्याने दोन्ही कारणं लिहिली आणि ‘अ’ निवडलं. “पण तुम्हाला एवढा घाम का आलाय?”

मी खाली गेलो. बिल्कीसबाईंसमोरचा चहा तसाच होता, वर साय धरलेली. मी म्हटलं, “दोन चाळीस.”

“त्याला सांगितलं होतंत का?”

“नाही. आधी तो तीन पंचवीसच करत होता.”

“कारण काय लिहिलं त्याने?”

मी दोन्ही कारणं सांगितली. त्या पूर्ण ऐकून घेत होत्या, एखादी परीक्षक ऐकते तशा. दुसरं कारण संपल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि ओढणीने तोंड झाकलं. उत्तर हाती आलं होतं, तरी त्यांनी आधी कारण तपासलं. मला त्या क्षणी त्यांच्यासमोर बसणं जड गेलं, मी उभाच राहिलो.

पानं खात्याची, आम्ही बाहेर काही सांगू शकत नाही. मी रीतसर अर्ज तयार केला, ठमाबाईंचा अंगठा बिल्कीसबाईंनी घेतला, आणि पाच आठवड्यांनी शिक्क्याची नक्कल मिळाली. ती द्यायला आम्ही दोघं मासळी बाजारात गेलो.

ठमाबाई सुरमई कापत होत्या. बिल्कीसबाईंनी शेजारी बसून बोट ठेवत वाचलं. हिरावती, विठू, दोन चाळीस. बावटा, तीन दहा.

“म्हंजे माजा बापूस गेला तवा बावटा नव्हता?”

“नव्हता, मावशी. अर्ध्या तासाने लागला.”

“कोन सांगतं? तू सांगतंस?”

“मी नाही. चौकीवरच्या कारकुनाने तेव्हाच लिहून ठेवलंय. आणि ज्याने ते वाचून ठरवलं, त्याला तुझं नावही ठाऊक नाही.”

ठमाबाईंनी कोयता बाजूला ठेवला. हात पाण्यात बुडवले, पदराला पुसले, पुन्हा पुसले, मग कागद घेतला. त्या उठल्या आणि समोरच्या रांगेत कोळंबी निवडत बसलेल्या एका म्हातारीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तिचं नाव वेणू. तिचा थोरला भाऊ हिरावतीवर होता. दोघी एकाच वाड्यातल्या, चाळीस वर्षं समोरासमोर बसतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत, हे मला बिल्कीसबाईंनी तेव्हा कानात सांगितलं.

“वेणू, तुजे सुनेला बोलव. ह्यो कागद वाचाचा हाय.”

“कसला कागद?”

“आपले होडीचा.”

वेणूबाईंनी आधी ठमाबाईंकडे बघितलं, मग कागदावरच्या शिक्क्याकडे. कोळंबीची पाटी सरकवून त्यांनी फळीवर जागा केली.

“बस,” त्या म्हणाल्या. “ती येईपरत उबी का रातेस?”

ठमाबाई बसल्या.