बायजाबाईंच्या खात्यात भैयाजीचं बीपी

माझ्या सासूबाई, बायजाबाई, यांचा स्वभाव इतका मोकळा की बीपीचं मशीनसुद्धा त्यांना एकट्याने वापरवत नाही. वाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत कोणाला जरा गरगरलं की तो आमच्याच दारात पट्टा बांधून बसतो. हे मला माहीत होतं. पण प्रत्येकाचं माप मोबाईलच्या ॲपमध्ये सासूबाईंच्याच नावावर चढतंय, हे डॉक्टरकडे जायच्या आदल्या संध्याकाळी कळलं.

सात दिवसांची सरासरी, एकशे शेहेचाळीस–नव्वद. मागे बीपीची गोळी वाढवली तेव्हा सासूबाई चक्कर येऊन न्हाणीत पडल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी ती परत कमी केली. हे आकडे पाहून उद्या पुन्हा वाढवली तर?

"आई, हे एकशे बहात्तर कोणाचे?"

"बाजूच्या खोलीतल्या भैयाजीचे. ड्युटीवरून आला का बसते बिचारा."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तू चिल्लावते ना वं."

चिल्लावलेच मी. मग निवडायला बसले. सासूबाईंची शिस्त कामी आली. सकाळी चहा-गोळीच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी, पाच मिनिटं गप्प बसून मिनिटाच्या अंतराने दोन मापं. म्हणजे जोडीने आलेली त्यांची, एकेकटी शेजाऱ्यांची. कोणाचं कोणतं, त्यांना तोंडपाठ. परकी मापं कागदावर उतरवून ॲपमधून काढली, तर त्यांची सकाळची सरासरी एकशे अठ्ठावीस–अठ्ठ्याहत्तर, संध्याकाळची एकशे चोवीस–शहात्तर. घरी मोजलेलं एकशे पस्तीस–पंच्याऐंशीच्या आत असलं की बरं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. एका सकाळी एकशे अडतीस होतं, पण एका मापाने काही ठरत नाही. आठवड्याची रेघ पाहायची, आणि ती सरळ होती. माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाईंचा नाही पडला. त्या कागद घेऊन बसल्या. भैयाजीचे सातही दिवस एकशे साठच्या वर, खालचा आकडा शंभरच्या वर. भैयाजी गोदामात हमाल, एकटा राहतो, बायको गावी, कुहीला. डोकं दुखत नाही तर कशाचं बीपी, असं म्हणायचा.

रात्री भैयाजी ड्युटीवरून आला तशा सासूबाई त्याला म्हणाल्या, "उद्या डॉक्टरकडे सोबत चाल गा."

"आई, उद्या गोदामात मालाची गाडी येऊन राहिली."

"गाडी थांबते. तुह्या बायकोले मी काय सांगू मंग?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सासूबाईंचं ॲप पाहिलं, गोळी तेवढीच ठेवली. मग भैयाजीला बसवून दोनदा मोजलं. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चौऱ्याहत्तर. कागद वाचून म्हणाले, "आठवडाभर असंच आहे. आता थांबायचं नाही." रक्त-लघवी तपासायला लिहिली, गोळी सुरू केली.

बाहेर येऊन भैयाजीने बायकोला फोन लावून गोळीचं सांगितलं, तशी ती रडायला लागली. सासूबाईंनी फोन घेतला. "रडू नोको वं. सकाळ-संध्याकाळ मी बसवतो त्याले."

घरी आल्यावर मी गुपचूप ॲपमध्ये दुसरं खातं उघडलं आणि त्यावर भैयाजीचं नाव घातलं.