पात्याची बुजलेली भोकं

धुळ्याच्या आपल्या गेस्ट हाउसमध्ये झुलालभाऊंनी भांडी धुण्याचं मशीन आणलं आणि तिथे भांडी घासणाऱ्या सुगंधाबाईंच्या डोक्याला ताप झाला. ताटं वरणाच्या खरकट्यासकट बाहेर यायची आणि मालकांची बोलणी मात्र त्यांनी खायची.

दोष कुठे आहे ते बाईंना कळत होतं. फिरत फिरत पाणी फवारणाऱ्या पात्याची भोकं बोअरच्या जड पाण्याच्या क्षाराने बुजत होती. त्या रोज टाचणीने ती कोरायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! शेवटी वैतागून त्यांनी पातं काढलं आणि कानाशी हलवलं. आत खुळखुळ वाजलं. टाचणीने ढकललेल्या खपल्या आतच राहून पाण्याच्या जोराने परत भोकांवर बसत होत्या. म्हणजे इतके दिवस हात मोडून घेतले ते फुकट!

त्यांनी पातं गरम पाण्यात लिंबूसत्व घालून भिजवलं, मग नळाखाली धरून झटकलं. मूठभर पांढरी कच पडली. पातं परत बसवलं, मशीन चालवलं, तर ताटं लख्ख निघाली.

"बठ्ठा चुना शे, भाऊ!" ती सगळी कच दाखवत त्या कडाडल्या. "पाणी मऊ कराले मशीनसंगे मीठनी गोणी येल व्हती, ती कोठे शे?"

भाऊ छताकडे बघू लागले. तेवढ्यात त्यांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, त्याच लख्ख ताटात कैरीच्या लोणच्याची फोड वाढली.

"चाखून पाहा, सुगंधाबाई. इतकं स्वच्छ खडेमीठ मला आजवर मिळालं नव्हतं."