पावणेचारला कुणीतरी

मी मलकापूरला एका बँकेत कार्डांच्या टेबलावर बसते. माणसं सांगितलेलं ऐकत नाहीत, हा माझ्या नोकरीचा मुख्य त्रास. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहितात, कार्ड शेजाऱ्याच्या हाती देऊन पैसे काढायला पाठवतात आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, असं झालं कसं?" म्हणून जानरावकाका पहिल्यांदा टेबलाशी आले तेव्हा मी मनापासून खूश झाले होते. हा माणूस ऐकत होता.

काका रेल्वेत फाटकवाले होते. चाळीस वर्षं फाटक. स्टेशनातून फोन आला की फाटक लावायचं, मास्तरनं दिलेला नंबर वहीत उतरवायचा आणि गाडी जाईपर्यंत कुणी रडलं, शिव्या दिल्या, तरी उघडायचं नाही. "फाटकाले दया नसते," असं ते एकदा म्हणाले होते, तेही अगदी साध्या आवाजात.

कार्डाचं मी त्यांना तसंच समजावलं. त्यांच्याच मोबाइलवर बँकेचं ॲप उघडलं. एटीएमची रोजची मर्यादा कमी केली, दुकानाची कमी केली, ऑनलाइनची त्याहून कमी. मग पाहिलं, तर परदेशातला वापर चालू. त्यांच्या वयाच्या बहुतेक कार्डांवर तो बंदच असतो, मुद्दाम मागितल्याशिवाय कुणी चालू करत नाही.

"काका, तुम्ही कुठं परदेशात निघालात? बाहेरच्या वेबसाइटवर कधीकधी ओटीपीसुद्धा लागत नाही. नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे मिळाले की झालं. हे बंद करा."

ते क्षणभर थांबले. मग त्यांनी बोट ठेवलं आणि बंद केलं. ते थांबले ते का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या मागे रांग होती.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. दुपारची वेळ, बँक जवळजवळ रिकामी. मोबाइल माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "मॅडम, हे पाहा. रोज येऊन राह्यलं."

एसएमएस होते. परदेशी वापर बंद असल्यानं व्यवहार नाकारला. एका डॉलरचा. रोज एक, आणि प्रत्येकाची वेळ दुपारी पावणेचार. दुकानाचं नाव म्हणून नुसती अक्षरं, कशाचाच अर्थ लागत नव्हता. काकांनी ते सगळे एका वहीत वेळेसह उतरवले होते, फाटकाच्या वहीसारखे. अकरा दिवस, अकरा ओळी.

कुणीतरी कुठेतरी बसून रोज ठरल्या वेळी बंद दार ढकलून पाहत होतं. पुढं न जाता, न थकता.

"काका, तुमचा नंबर फुटलाय. कार्ड आत्ताच्या आत्ता कायमचं बंद करू, नवं मागवू."

"थांबा." त्यांनी मोबाइल ओढून घेतला. "तुमचं मी ऐकलं न? आता माह्यं ऐका."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा संघपाल तीन वर्षांपूर्वी एका एजंटामार्फत आखातात कामाला गेला. निघताना काकांनी त्याच्यासाठी कागदांचा गठ्ठा केला: पासपोर्टची झेरॉक्स, आधारची, आणि आपल्या कार्डाची पुढून-मागून. आपल्याकडे सगळ्याचीच झेरॉक्स निघते, कार्डाचीही निघाली. अडचणीत सापडला तर पोराला उपयोग होईल म्हणून त्यांनी परदेशी वापर तेव्हाच बँकेत सांगून चालू करून घेतला होता. पोरानं ते कार्ड कधी वापरलं नाही. एकोणीस महिने झाले, त्याचा फोनही लागत नव्हता. एजंटाचं दुकान बंद, अर्ज करून झाले, उत्तर नाही. घरी त्याची आई, सिंधूताई, रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवत होत्या.

"तो पैसे काढून राह्यला असंल तं?" काका म्हणाले. "उपाशी असंल. एक डॉलर मागून राह्यला फक्त. अन मी फाटक लावून बसलो."

दार लावायला त्यांना मीच शिकवलं होतं. कार्ड चालतं का बघायला चोर असं छोटं बिल आधी लावून पाहतात, हे मला माहीत होतं. ते मी सांगितलंही. काका ऐकत होते, पण डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते. तीन छत्तीस.

"मर्यादा ठेवता येते न परदेशीबी?"

"येते. पण काका, हे करायचं नसतं. मी करा म्हणणार नाही."

"तुम्ही नका म्हणू."

त्यांनीच ॲप उघडलं. परदेशी ऑनलाइन वापर चालू केला, मर्यादा दोनशे रुपये टाकली. बाकी सगळं बंदच ठेवलं. पिन टाकून पक्कं केलं. मी त्यांचा हात धरायला हवा होता, हे मला आजही वाटतं. धरला नाही, कारण मलाही पाहायचं होतं, आणि याची मला लाज वाटते.

आम्ही दोघं त्या छोट्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. पंखा फिरत होता. समोरच्या कॅशियरनं जांभई दिली. तीन पंचेचाळीस झाले आणि मोबाइल टेबलावर थरथरला.

एक डॉलर. या वेळी नाकारला नव्हता. गेला.

काकांचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "घेतले."

मोबाइल पुन्हा थरथरला. दीडशे डॉलर, मर्यादा ओलांडल्यानं नाकारला. लगेच पुन्हा, नव्वद. मग चारशे. मग पुन्हा चारशे. टेबलावरचा फोन सरकत सरकत कडेला येऊ लागला. कुणीतरी बंद दार ढकलता ढकलता जरा फट दिसताच सगळं अंग आत घुसवावं, तसं चाललं होतं.

काका बघत राहिले. सातव्या वेळी त्यांनी फोन उचलला.

"माह्या संघपालनं दुसऱ्यांदा मागितलं नसतं," ते म्हणाले. "लहानपणी भाकर दुसऱ्यांदा मागायलेबी त्याले लाज वाटे."

त्यांनी स्वतःच ॲपमधून कार्ड कायमचं बंद केलं. मी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार नोंदवून दिली, अर्ज भरला, सही घेतली. त्या दरम्यान ते एकच प्रश्न विचारत होते, मला नाही, स्वतःला. "तो कागद कोणाच्या हाती गेला? अन कागद दुसऱ्याच्या हाती, तं पोरगा कुठं?" झेरॉक्सच्या दुकानातूनही नंबर फुटला असेल, असं मी म्हणाले. असेलही. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

आठ दिवसांनी ते नवं कार्ड घ्यायला आले. परदेशी वापर बंदच आहे, मी दाखवलं. एटीएमची मर्यादा त्यांनी स्वतः टाकली, माझ्याकडे न बघता. तेवढ्यात पावणेचार झाले. आम्ही दोघांनीही मोबाइलकडे पाहिलं. तो गप्प होता, आणि ते गप्प राहणं मला आधीच्या थरथरण्यापेक्षा भयंकर वाटलं.

काकांनी कार्ड खिशात घातलं आणि उठता उठता विचारलं,

"मॅडम, कार्डाचा नंबर बदलला. फोनचा तं बदलणार नाही न?"

"नाही काका. फोनचा तोच राहील."

"तेवढा नका बदलू," ते म्हणाले. "त्याले तोच पाठ हाय."