आईच्या अँथुरियमची मान

गणपतीची चवथ होऊन गेली होती. पाऊस आता येऊन-जाऊन होता आणि पार्से गावातली दुपार माडांखाली हिरवट, ओलसर होऊन पडलेली असायची. माझी छोटी नर्सरी घरामागेच. जाळीखाली रोपं, जाळीतून गाळून येणारा उजेड. त्या उजेडात काम करताना आपण पाण्याखाली आहोत असं वाटायचं.

अशाच एका दुपारी बाबा आले. सुर्ल्याहून दोन बस बदलून. खांद्याला काही नाही, हातात फक्त पिशवी, आणि पिशवीतून पिवळी पडलेली दोन पानं बाहेर लोंबत होती.

आई गेल्यापासून बाबा सुर्ल्यात एकटेच राहत. मूळचे सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवायला म्हणून तिथे आले आणि तिथलेच झाले. घरातली बाकी झाडं आईमागे गेली. हे अँथुरियम तेवढं राहिलं होतं. आईने वास्कोच्या मावशीकडून मांडीवर धरून आणलेलं.

"बाय, ह्या जगतला काय गो?" त्यांनी पिशवी पुढे केली.

मी कुंडी उपडी केली. कुंडी कसली, तेलाचा डबा, तळाला भोकही नाही. आत खाणीवरची तांबडी चिकणमाती, पिळली तर पाणी गळेल अशी. वास आला. मुळांना बोट लावलं तर वरची साल मऊ होऊन हातात आली आणि आत नुसता दोरा उरला.

"पाणी किती घालत होतात?"

"सकाळी, सांजवेळा. पाना पिवळी पडली म्हणान दुपारचाय घातलंय." बाबांनी रिकाम्या डब्यात डोकावून बघितलं. "मेला असता ना, नायतर."

गिऱ्हाइकाने असं झाड आणलं असतं, तर मी सरळ सांगितलं असतं, टाका, नवीन घेऊन जा. कुजकं झाड जाळीखाली ठेवणंही बरं नव्हे, बाकीच्यांना लागतं. मी बाबांना तसं सांगायला तोंड उघडलं. पण ते तोवर खाली बसले होते आणि चिखल लागलेला देठ हळूच दाबून बघत होते.

"मान घट्ट आसा," ते म्हणाले.

पानांखालची मान खरंच घट्ट होती. मी मुळं बालदीत धुतली, चाकू उकळत्या पाण्यात बुडवून काढला आणि कुजलेली मुळं कापत गेले. कापता कापता एकही उरलं नाही. मग देठच खालून कापला. आत तपकिरी चकती, कूज वर चढलेली.

"अजून वयर?" बाबांनी विचारलं.

चाकू पुन्हा धुतला. थोडं वर कापलं. मधोमध तपकिरी ठिपका. आता वर वीतभर देठ आणि शेंडा, एवढंच होतं. कूज शेंड्यापर्यंत गेली असती तर संपलंच. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, चाकूकडे बघत होते. कुठेतरी भारद्वाज घुमत होता.

तिसऱ्यांदा कापलं. आतून स्वच्छ, फिकट हिरवं. आणि त्याच्याच वर, पानाच्या बेचक्यात, हवेत फुटलेल्या मुळांचे बारीक कोंब. मला उगाच हसू आलं. बाबांनी विचारलं, काय झालं, तर मी बोटाने दाखवलं.

पिवळी पानं मी काढून टाकली. एवढ्याशा कोंबांना ती पेलली नसती. दोन हिरवी ठेवली. कापलेल्या जागेला हळद लावून देठ संध्याकाळपर्यंत सावलीत सुकू दिला. जुनी माती बाबांनी कुंपणापलीकडे नेऊन टाकली. मग लहानशा, भोकाच्या कुंडीत भिजवून निथळलेले नारळाच्या सोडणाचे, म्हणजे वरच्या सालीचे तुकडे, विटेची खडी, कोळसा आणि थोडं पानांचं खत घालून मी ते लावलं, कोंब आत जातील असं, आणि काठीला सैल बांधलं.

बाबा राहिले. त्यांनी जायचं म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. सकाळी ते झारी घेऊन निघायचे आणि मी म्हणायची, "आधी बोट घाला." बोट आत घालून ते डोळे मिटायचे, जसं काही खोल ऐकताहेत. "ओला आसा," म्हणून झारी खाली ठेवायचे. कितीतरी दिवस काहीच घडलं नाही. झाड जगतही नव्हतं, मरतही नव्हतं. बाबा सावलीत त्याच्याजवळ बसून राहत, कधी तिथेच डुलकी लागे. एकदा झोपेत ते आईशी बोलत होते, अगदी साधं, चहा ठेवलास काय वगैरे. मी पुढे गेले नाही.

काजूला मोहोर आला तेव्हा पान आलं. गुंडाळी केलेलं, तांबूस, ओठासारखं मऊ. बाबांनी मला हाक मारली नाही. मीच गेले तर ते उकिडवे बसून बघत होते.

काही दिवसांनी ते सुर्ल्याला गेले. कुंडी नेली नाही. "थयसर खाणीची धूळ," म्हणाले. महिन्यातून एकदा येत आणि चहाआधी जाळीखाली जात.

फूल यायला वर्ष लागलं. लहान आणि जरा फिकं. बाबांनी ते बोटाने उजेडाकडे वळवलं.

"तुज्या आवशीच्या वेळचा ह्याच्यापेक्षा तांबडा होता," ते म्हणाले.

"होय," मी म्हटलं. खरंच होतं. मग आम्ही चहा प्यायला आत गेलो.